सायंकाळी डोकं का चालत नाही?

दिवसभर कापूस वेचून आलेली बाई पाय धुते, चूल पेटवते आणि मग डब्यांसमोर नुसती उभी राहते. डब्यात डाळ आहे, आलू आहेत, तिखट-मीठ आहे. तरीही "आता काय करू?" या प्रश्नाचं उत्तर तिला सुचत नाही. पोरगं मध्येच विचारतं, "आई, दहा रुपये दे ना," आणि ती चिडून ओरडते, नाहीतर कटकट नको म्हणून देऊन टाकते. घरचे म्हणतात, "हिचा स्वभावच तापट झाला." खापा आणि आसपासच्या वस्त्यांत आरोग्याच्या कामानं फिरताना ही तक्रार आम्ही पुष्कळ ऐकली. एक उपासिका आम्हाला म्हणाली, "ताई, हातपाय चालतात पाहा, पण सायंकाळी डोस्कंच चालत नाही."

हा थकवा अंगाचा नाही. दिवसभर लहान-लहान गोष्टी ठरवत राहिल्यानं हा थकवा येतो. आधी कोणतं काम करायचं, किती घ्यायचं, कोणाला हो म्हणायचं, कोणाला नाही म्हणायचं हे सारखं ठरवावं लागतं. असं एकेक ठरवायला क्षणभर पुरतो, म्हणून त्याला कोणी काम समजत नाही. पण असे निर्णय साचत गेले की शेवटी माणूस तीनपैकी एक गोष्ट करतो. जे सोपं असेल ते करून टाकतो, किंवा काहीच न ठरवता पुढं ढकलतो, किंवा समोरचा म्हणेल त्याला हो म्हणतो. आपल्याकडे यातलं कोणतं होतं हे ओळखता आलं, तर पुढचं काम सोपं जातं.

नर्सिंगच्या कामात हे लवकर दिसतं. वॉर्डात गोळ्यांच्या वेळा ठरलेल्या असतात, त्या रोज नव्यानं कोणी ठरवत नाही. तातडीच्या औषधांचा ट्रे प्रत्येक पाळीला तपासून त्याच जागी, त्याच क्रमानं ठेवला जातो. पहाटे चारला पेशंट अत्यवस्थ झाला, तर इंजेक्शन कुठं असेल हा विचार करायची वेळच येऊ नये, यासाठी ही व्यवस्था असते. रात्रपाळीच्या शेवटी माणसाचं डोकं ताजं राहणार नाही, हे दवाखान्यानं आधीच धरलेलं असतं. स्कॉटलंडमध्ये फोनवरून आरोग्यसल्ला देणाऱ्या सुमारे दीडशे नर्सेसच्या कामाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. शेवटच्या सुटीला जितका जास्त वेळ झाला, तितक्या त्या "घरीच काळजी घ्या" असं कमी सांगत आणि पेशंटला पुढं डॉक्टरकडं जास्त पाठवत. स्वतः ठरवण्यापेक्षा दुसऱ्याकडं सोपवणं सोपं जात होतं. सुटी घेऊन आल्या की हा झुकाव पुन्हा कमी होई. ह्या शिकलेल्या, अनुभवी बाया होत्या. तेव्हा आपल्या घरातल्या बाईचं सायंकाळी डोकं चाललं नाही, तर तिला बिनडोक म्हणायचं काही कारण नाही.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. मनाची ताकद ही टाकीतल्या पाण्यासारखी असते, वापरली की रिकामी होते, असं काही वर्षं सगळीकडे सांगितलं गेलं. २०१६ साली तेवीस प्रयोगशाळांनी मिळून हा प्रयोग पुन्हा केला, तेव्हा तो परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. म्हणून "साखर खा, ताकद परत येईल" असल्या सल्ल्यांवर जाऊ नका. टाकीची कल्पना बाजूला ठेवली तरी चालेल. सारखं ठरवून-ठरवून माणूस सोप्या वाटेला लागतो, हे तेवढं लक्षात ठेवू.

आपल्या वस्तीत याची झळ जास्त बसते, आणि त्याचं कारण पैशात आहे. ज्याच्याकडं पगार आहे तो महिन्याचं किराणा एकदाच भरतो. रोजंदारीच्या घरी मात्र रोज ठरवावं लागतं की आज तेल आणायचं की गॅससाठी पैसे ठेवायचे, पोराची वही आज आणायची की शनिवारी. पैसेवाल्यानं चूक ठरवलं तर शे-दोनशे रुपये जातात. आपल्याकडं तेच चुकलं तर दुसऱ्या दिवशीच्या भाजीचे पैसे जातात, म्हणून प्रत्येक लहान निर्णयावर जास्त विचार खर्च होतो. तामिळनाडूतल्या ५४ गावांतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवर झालेला अभ्यास २०१३ साली आला. अनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी त्याच शेतकऱ्यांना ऊस निघण्याआधी, हात तंग असताना, आणि ऊस निघून पैसे आल्यावर, अशी दोनदा कोडी घातली. माणसं तीच होती, पण पैशाची ओढाताण असताना त्यांना कोडी कमी सुटली. गरिबाला अक्कल कमी म्हणून तो गरीब राहतो, असं तोंडावर म्हणणाऱ्यांना हा अभ्यास जरूर सांगावा.

आता एक घर बघू. खाप्यातलं हे घर आमच्या ओळखीचं आहे, नाव मात्र देत नाही. घरात पाच माणसं आहेत. नवरा बांधकामावर जातो, बाई शेतमजुरीला जाते, मुलगी दहावीत आणि मुलगा सहावीत आहे, आणि सासूला बीपी व साखर दोन्ही आहे. सासूचं बीपी काही केल्या उतरत नव्हतं, म्हणून आम्ही त्या घरी जात होतो. डॉक्टर गोळी वाढवायच्या विचारात होते. आम्ही पाकिटं पाहिली तर महिन्याच्या शेवटी अकरा गोळ्या उरलेल्या होत्या. गोळी घ्यायला कोणाचा नकार नव्हता. अडचण अशी होती की सासू विचारायची, "मी गोळी घेतली का गं?" आणि सून कामाच्या घाईत आठवायचा प्रयत्न करायची. आठवलं नाही की दोनदा जाऊ नये म्हणून त्या दिवशीची गोळी सोडून द्यायच्या.

आम्ही त्या बाईला म्हटलं, एक दिवस फक्त मोजा. जिथं "हे करू की ते" असं वाटलं, तिथं भिंतीवर कोळशानं एक रेघ मारायची. पहाटे उठल्यापासून कामाला निघेपर्यंत तेवीस रेघा झाल्या. आधी पाणी भरायचं की भाकरी टाकायच्या, डब्यात काय द्यायचं, मुलाचा कोणता शर्ट सुकला, तांदूळ किती टाकायचा, आत्याच्या घरच्या कार्यक्रमाला जायचं का, गेलं तर काय न्यायचं, मजुरीला कोणाच्या वावरात जायचं, सासूची गोळी झाली का. नवऱ्याच्या रेघा चार होत्या. हे बघून तो हसला, पण नंतर बराच वेळ गप्प राहिला.

तेवीसच्या तेवीस कमी करायला जाऊ नये. त्यातून दुसरंच ओझं तयार होतं. आम्ही तीनच जागा धरल्या: गोळी, जेवण आणि संध्याकाळचे पैसे.

गोळीचं सगळ्यात सोपं निघालं. महिन्याच्या गोळ्या आल्या की पाकिटाच्या चंदेरी बाजूला, प्रत्येक गोळीच्या मागं, स्केचपेननं तारीख लिहायची. बॉलपेननं लिहू नये, टोकानं कागद फाटतो आणि गोळीला दमट हवा लागते. याच कारणानं गोळ्या आधीच काढून डबीत ठेवू नयेत. दहावीतल्या मुलीनं पंधरा मिनिटांत सगळी पाकिटं लिहिली. आता "घेतली का?" हा प्रश्नच उरला नाही. आजच्या तारखेची गोळी पाकिटात दिसली तर घ्यायची राहिली, जागा फुटलेली दिसली तर घेतली. बीपीची गोळी सकाळच्या वंदनेनंतर आणि साखरेची मेटफॉर्मिन जेवणासोबत, असं रोजच्या ठरलेल्या गोष्टीला बांधून दिलं. एखादी राहिलीच तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घ्यायच्या नाहीत. आणि "आता बरं वाटतं, गोळी बंद करू का?" हा निर्णय घरी घ्यायचाच नाही, तो डॉक्टरनंच घ्यायचा. पुढच्या महिन्यात पाकिटात दोन गोळ्या उरल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी बीपी उतरलेलं दिसलं आणि गोळी वाढवायची गरज पडली नाही.

ही युक्ती दवाखान्यालाही लागू पडते. आपल्या शेजारच्या भंडारा आणि वर्धा जिल्ह्यांचा समावेश असलेला देशपातळीवरचा बीपी नियंत्रणाचा कार्यक्रम २०१७ च्या शेवटी सुरू झाला. त्यात प्रत्येक डॉक्टरनं आपापल्या मनानं वेगवेगळ्या गोळ्या लिहिण्याऐवजी एकच ठरलेला क्रम दिला गेला. आधी एक ठरलेली गोळी ठरलेल्या मात्रेत द्यायची, महिन्यानं बीपी मोजायचं, पुरेसं उतरलं नसेल तर पुढची पायरी. गोळ्या एकदम तीस दिवसांच्या द्यायच्या. असं झालं की कोणती गोळी किती साठवायची हे दवाखान्याला कळतं, नर्सला पुढची पायरी कळते आणि पेशंटला दर आठवड्याला रांगेत उभं राहावं लागत नाही. तुमच्या केंद्रावर पंधरा दिवसांच्याच गोळ्या देत असतील, तर "बीपी स्थिर असेल तर तीस दिवसांच्या मिळतील का?" असं नक्की विचारा.

जेवणाचं लगेच जमलं नाही. पहिल्यांदा आम्ही सात दिवसांची सात जेवणं कागदावर लिहिली आणि तिसऱ्याच दिवशी ते मोडलं. त्या दिवशी मेथी लिहिली होती आणि बाजारात मेथी महाग होती. झालं, पुन्हा तीच उलघाल. मग भाजीचं नाव लिहायचं सोडून भाजीची जात लिहिली, आणि क्रम लावला तो भाजी किती टिकते त्यावर. बाजारानंतरचे पहिले दोन दिवस पालेभाजी, कारण ती लवकर सुकते. त्यात जी स्वस्त ती घ्यायची. पुढचे दोन दिवस वांगी, बरबटी, फुलकोबी यातली एखादी. पाचव्या दिवशी आलू. सहाव्या दिवशी भाजी संपलेली असते, म्हणून झुणका किंवा लाखोळीचं वरण. सातव्या दिवशी अंडी, आणि हातात पैसा असेल तर मासोळी. दुपारचा डबा रोज सारखाच, भाकर आणि आदल्या रात्रीची भाजी, सोबत जवसाची चटणी. "रोज तेच?" असं मुलानं विचारलं. पंधरा दिवसांनी त्यानं विचारणं सोडलं.

तांदळाचं मापही ठरवलं. रेशनवर या पाच माणसांना महिन्याला माणशी पाच किलोप्रमाणे २५ किलो धान्य मिळतं. ते महिनाभर पुरत नाही, काही विकत घ्यावंच लागतं. पण रोज मूठभर कमी-जास्त करत बसण्यापेक्षा एक स्टीलचा पेला ठरवला. रात्री इतके पेले, पाहुणा आला तर एक जास्त. पेला डब्यातच ठेवायचा. आता मुलगी किंवा नवराही तांदूळ टाकू शकतो, कोणाला विचारावं लागत नाही. हा फायदा आमच्या आधी लक्षात आला नव्हता. ठरलेली गोष्ट दुसऱ्याला देता येते, पण रोज बाईच्या डोक्यात नव्यानं ठरणारी गोष्ट देता येत नाही. "मी मदत करतो ना, काय करू ते सांग," असं म्हणणारा नवरा काम घेतो, पण ठरवण्याचं ओझं बाईच्याच डोक्यावर ठेवतो. या घरात आता बाजार आणि मुलाची शाळा या दोन गोष्टी नवऱ्यानं पूर्ण घेतल्या आहेत. कोणती वही, कधी फी, कोणती भाजी हे तोच ठरवतो. तो कधी कडू काकडी घेऊन येतो. आणू द्या.

तिसरी जागा सगळ्यात महागात पडणारी होती. हप्त्यावर मिक्सर देणारा, गटाचं कर्ज "वाढवून देतो" म्हणणारा, नवी पॉलिसी सांगणारा, हे लोक बहुतेक सायंकाळी येतात. सायंकाळी माणसं घरी भेटतात, हे त्याचं साधं कारण. पण त्याच वेळी घरातलं डोकं सर्वात दमलेलं असतं आणि हो म्हटलं की समोरचा माणूस निदान जातो तरी. या घरात असाच एक हप्ता सुरू झाला होता. आठवड्याला मोठा दिसत नव्हता, पण सगळे हप्ते जोडून बाईनं मुलीकडून बेरीज करून घेतली, तेव्हा वस्तूच्या दुकानातल्या किमतीपेक्षा बरीच जास्त रक्कम निघाली. तेव्हा घरानं एक नियम केला. दिवेलागणीनंतर दोनशे रुपयांवरचं काहीही ठरवायचं नाही आणि कोणत्याही कागदावर सही किंवा अंगठा द्यायचा नाही. उत्तर पाठ असू द्या: "आमच्या घरी सकाळी ठरवतो, उद्या या." उद्या येत नाही म्हणणारा माणूस काय विकत होता, ते त्यावरून कळतं. या नियमाला अपवाद एकच, आजारपण. छातीत दुखलं, श्वास लागला, बाळंतीण अवघडली, लहान लेकराचा ताप उतरत नसला, तर रात्री दोन वाजता पण १०८ ला फोन करायचा. तिथं सकाळची वाट बघायची नाही.

एकदाच ठरवून रोजचं ठरवणं वाचवायचं, ही गोष्ट धम्माच्या माणसाला नवी नाही. दारूपासून दूर राहण्याचं शील ज्यानं मनापासून घेतलं, त्याला मजुरीचे पैसे खिशात असताना दुकानासमोर उभं राहून "आज घेऊ की नको" असा वाद स्वतःशी घालावा लागत नाही. तो वाद शील घेतलं त्याच दिवशी मिटला. जो "आजच्या दिवस बघू" म्हणतो, त्याला मात्र रोज तो वाद घालावा लागतो, आणि तोही दमलेल्या अवस्थेत. भिक्खूंच्या अष्टपरिष्काराकडंही असं बघता येतं. तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. काय नेसू हा प्रश्न नाही, आणि पात्रात जे आलं ते खायचं, तेही दुपारच्या आत. आपण गृहस्थ आहोत, आपल्याला तसं जमणार नाही आणि तसं करायचंही नाही. पण वर्षावासात आपल्या विहारात ग्रंथवाचन रोज एकाच वेळी होतं, म्हणून लोक येतात. रोज वेळ बदलली असती, तर आठवड्यात विहार रिकामा झाला असता.

एक सावधगिरी बाळगा. प्रत्येक थकवा निर्णयांचा नसतो. विश्रांती घेऊनही दम लागत असेल, डोळ्याची खालची पापणी फिकट दिसत असेल, तर आधी हिमोग्लोबिन तपासा. गरोदर नसलेल्या बाईचं ते १२ च्या खाली असेल तर रक्त कमी आहे. विदर्भात आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण लक्षणीय आहे. घरात कोणाचे सांधे वारंवार दुखत असतील, डोळे पिवळे होत असतील, तर सरकारी केंद्रावर सिकलसेलची तपासणी करून घ्या. लग्न ठरण्याआधी मुलामुलींनी ती केलेलीच बरी. वजन वाढणं, थंडी जास्त वाजणं, पाळी बिघडणं यासोबत थकवा असेल तर थायरॉईड बघावं लागतं. ओळखायची एक साधी खूण आहे. निर्णयांचा थकवा सकाळी कमी असतो आणि सायंकाळी वाढतो, आणि एखाद्या दिवशी सगळं दुसऱ्यानं सांभाळलं तर तो बराच उतरतो. सकाळी उठतानाच मन जड असेल, दोन आठवड्यांवर कशातच गोडी वाटत नसेल, मरणाचे विचार येत असतील, तर ते उदासीनतेचं आजारपण असू शकतं. त्यावर तांदळाचा पेला हा इलाज नाही. टेली मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि मजुरी कमी पडत असेल तर कितीही वेळापत्रक लावलं तरी ती वाढत नाही. ज्या घरी उद्याचं काम नक्की नाही, तिथं पैशाचे निर्णय राहणारच. तो लढा मजुरीचा आहे आणि तो वेगळा लढावा लागेल. पण काही निर्णय वस्तीनं मिळून संपवता येतात. एका वस्तीत हातपंपावर रोज सकाळी "आधी कोण" यावरून बोलाचाली होत असे, आणि बाया पाणी आधी की स्वयंपाक आधी या विचारात पहाटेच दमत. बायांनी विहारात बसून गल्लीप्रमाणे पाळ्या लावल्या. एका गल्लीला साडेपाच ते सहा, दुसरीला सहा ते साडेसहा, आणि दर पौर्णिमेला क्रम पुढं सरकवायचा, म्हणजे पहाटेची पाळी कायम एकाच गल्लीवर येणार नाही. लेकुरवाळ्या आणि म्हाताऱ्या बाईला कधीही भरू द्यायचं. कागद विहाराच्या दारामागं चिकटवला आहे. गेल्या पौर्णिमेला तो बदलायचं काम सहावीतल्या एका पोरीनं केलं.